२० लिटर जारचा रूट : सातारा-देवळाई, जुलै ते नोव्हेंबर २०२५

६ जुलै २०२५, रविवार

रूट कुठं लावायचा ते ठरलं. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासच्या दक्षिणेला सातारा परिसर आणि देवळाई. इथं बऱ्याच वसाहतींमध्ये वापरायला बोअर किंवा टँकर. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरा थर राहतो, म्हणून प्यायला जार लागतोच. बायपासच्या उत्तरेला गारखेड्यातूनही दोन-चार जणांनी विचारलंय, पण तूर्त बायपास ओलांडायचा नाही. दोन घरांसाठी रोज सकाळच्या गर्दीत तो रस्ता ओलांडणं परवडत नाही.

पाणी मी बनवणार नाही, चिकलठाण्याच्या एका प्लँटकडून घेणार. प्लँट बघून आलो. आधी लेबल पाहिलं. परवाना क्रमांक १४ अंकी आहे, बॅच आणि तारीख जारच्या कॅपवर छापलेली आहे, सील ओढल्याशिवाय कॅप निघत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय चिन्हाची सक्ती राहिलेली नाही. पण ग्राहक अजून "आयएसआय आहे का?" असंच विचारतात, त्यामुळं ज्याच्याकडं ते चिन्ह अजून आहे असाच प्लँट निवडला. गल्लोगल्ली मिळणारा 'थंड जार' निम्म्या भावात पडतो, पण त्याला सील नसतं, बॅच नसते आणि कुणी आजारी पडलं तर बोट दाखवायला लेबलही नसतं. त्या धंद्यात जायचं नाही.

मला स्वतःला फूड सेफ्टीची नोंदणी लागते, वितरक असलो तरी. ऑनलाइन अर्ज केला. मूलभूत नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये.

११ जुलै

प्लँटबरोबर भाव बोललो. गाळ्यावर पोच जार २७ रुपये, वर १२ टक्के जीएसटी, म्हणजे ३० रुपये २४ पैसे. मी स्वतः आणायला गेलो असतो तर दोन रुपये वाचले असते. पण रोज चिकलठाण्याला जाऊन यायचं, तिथं गाड्यांच्या रांगेत थांबायचं आणि इकडं पोचेपर्यंत साडेनऊ वाजायचे. तोवर नोकरीवाले घराला कुलूप लावून गेलेले असतात. दोन रुपये प्लँटला गेलेले बरे. सातारा परिसरात एक गाळा भाड्यानं घेतोय. प्लँटची गाडी संध्याकाळी भरलेले जार उतरवेल आणि तेवढेच रिकामे घेऊन जाईल.

हे 'तेवढेच' फार महत्त्वाचं आहे. जितके रिकामे परत, तितकेच भरलेले मिळणार. रिकामा कमी पडला तर त्या जारचं डिपॉझिट भरायचं, १८० रुपये. जार प्लँटच्या मालकीचा, माझा नाही. म्हणजे माझं भांडवल पाण्यात अडकणार नाही, ते अडकणार रिकाम्या जारमध्ये.

१५ जुलै

डिपॉझिटचं गणित मांडून पाहिलं. ६० घरांपर्यंत जायचं आहे.

प्रत्येक घरात एकच जार ठेवला तर काय होईल? जार नेमका कधी संपेल ते आपल्या हातात नाही. बुधवारी गाडी येऊन गेली तेव्हा जारमध्ये चार लिटर होतं म्हणून बाईंनी रिकामा दिला नाही, आणि गुरुवारी सकाळी फोन, "दादा, पाणी संपलं." त्या एका जारसाठी गाडी वाकडी करावी लागते, नाहीतर ते घर दुसऱ्याकडून मागवतं. दोन जार असले की एक चालू, एक भरलेला राखीव. मग गाडी ठरलेल्या दिवशीच येते आणि कुणाचं अडत नाही. दुसऱ्या जारचे पैसे खरं तर रूटच्या शिस्तीसाठी आहेत.

म्हणून घरटी दोन जार, ६० घरांत १२०. गाळ्यात आणि गाडीवर मिळून ५० फिरते. एकूण १७०. प्लँटला १८० रुपयांप्रमाणे ३०,६०० रुपये डिपॉझिट. ग्राहकांकडून जारमागे २०० घेतले तर १२० जारचे २४,००० येतात. उरलेले ६,६०० माझ्या खिशातून, आणि धंदा चालू आहे तोवर ते तसेच अडकलेले राहणार. घरातल्या जारचं डिपॉझिट ग्राहक देतो, रस्त्यावरच्या जारचं मी.

२०० च का? प्लँट घेतो १८०. त्याहून कमी घेतलं तर जार हरवल्यावर खड्डा मलाच पडतो. शिवाय डिपॉझिट फारच कमी असलं की जार परत येत नाही. त्यात तांदूळ भरले जातात, गच्चीवर कारलं लागतं. ३०० म्हटलं तर भाडेकरू दारातूनच परत पाठवतात. आजूबाजूला १५० ते २०० चाललंय.

डिपॉझिटसाठी बँकेत वेगळं बचत खातं उघडलं. हे पैसे माझे नाहीत, परत द्यायचे आहेत. डिझेल भरायला त्यातून काढायचे नाहीत. मेहुण्याला हे पटायला वेळ लागला. त्याच्या मते आलेला पैसा म्हणजे आलेला पैसा.

२२ जुलै

गाडी : जुनी लोडिंग रिक्षा. आरसीवर ५०० किलोच्या आसपास वजन. भरलेला जार पावणेएकवीस किलोच्या जवळ जातो, म्हणजे एका खेपेत २४. त्यावर एकही नको. पुलाच्या उतारावर ब्रेक किती लांब लागतो ते मागच्या मालकानंच सांगितलं.

रूट आखताना आधी नकाशावर अंतर मोजत बसलो होतो. कागदावर मांडल्यावर कळलं, इथं अंतर फारसं आड येत नाही. अख्खा सातारा परिसर फिरून यायला किलोमीटर फार होत नाहीत. वेळ जातो तो जिन्यात. तळमजल्याच्या घराला दोन-तीन मिनिटं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर जार खांद्यावर घेऊन जायचा, बेल वाजवायची, रिकामा शोधेपर्यंत थांबायचं, खाली यायचं. सहा-सात मिनिटं सहज जातात, आणि अशी चार घरं झाली की माणूस थकतो. म्हणून घरांच्या यादीत पत्त्याशेजारी मजला आणि लिफ्ट हे दोन रकाने केले. लिफ्ट नसेल आणि घर दुसऱ्या मजल्याच्या वर असेल तर जारमागे पाच रुपये जादा, आधीच सांगून.

दिवस असे ठरले : सोमवार, बुधवार, शुक्रवार सातारा परिसर. मंगळवार, गुरुवार, शनिवार देवळाई. रविवारी गाडी नाही, त्या दिवशी मोजणी आणि हिशेब. बिनलिफ्टच्या इमारती पहिल्या खेपेत, सात ते साडेआठ, अंगात जोर असतो तेव्हा. लिफ्टवाल्या सोसायट्या नंतर, कारण तिथं वॉचमन नऊच्या आधी गाडी आत सोडतच नाहीत. दुकानं आणि क्लासेस शेवटी, अकराच्या पुढं, ते उघडतातच तेव्हा.

आणखी एक. या गाडीत माल कमी होत जातो, जागा मात्र होत नाही. भरलेला उतरला की रिकामा चढतो. नवीन ग्राहक मिळाला की दोन जागा मोकळ्या होतात, कारण त्याच्याकडून रिकामा येत नाही. कुणी बंद केलं की दोन रिकामे जास्तीचे चढतात आणि बसवायला जागा नसते. त्यासाठी गाडीच्या मागच्या बाजूला दोन हुक लावून घेतले. रिकामे दोरीत ओवून तिथं लटकतील.

ताडपत्री लागणारच. पारदर्शक निळा जार उन्हात राहिला की आत शेवाळ धरतं, भरलेला असो वा रिकामा.

५ ऑगस्ट, मंगळवार

देवळाईची पहिली फेरी. सातारा काल सुरू झाला. सध्या घरं कमी आहेत, त्यामुळं प्लँटकडून ८० जारच उचललेत. एकदम १७० उचलायचे नाहीत. घरं वाढतील तसं डिपॉझिट भरायचं.

दारावर अडकवायला कार्ड छापून घेतलं. दूधवाल्याच्या कार्डात लिटर आणि खाडे असतात, इथं तेवढ्यावर भागत नाही. रकाने चार : तारीख, भरलेले दिले, रिकामे घेतले, घरात शिल्लक. चौथा रकाना ग्राहकासमोर लिहायचा आणि त्याच्याकडून बघून घ्यायचा. पैशांची तक्रार एकवेळ मिटते. 'आमच्याकडे दोन नव्हते, एकच होता' ही मिटत नाही.

कार्डावरचं रात्री गुगल शीटमध्ये उतरवतो. `Nond` या पानावर अ रकान्यात तारीख, ब मध्ये घराचा कोड, क मध्ये भरलेले, ड मध्ये रिकामे. ग्राहकांच्या पानावर घरातली शिल्लक आपोआप येते (शीटवर हेच रकाने A ते D दिसतात) :

```
=SUMIFS(Nond!C:C,Nond!B:B,A2)-SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2)
```

उत्तर २ च्या वर गेलं की खाना लाल होतो, म्हणजे रिकामा कुठंतरी अडकलाय. शून्याखाली गेलं तर दुसऱ्याच घराचा रिकामा उचललाय.

आज एका सरांनी टीडीएस मीटर बाहेर काढून जारमध्ये बुडवला. आकडा त्यांच्या मनासारखा आला, पण पुढं म्हणाले, "म्हणजे पाणी शुद्ध." मीटर विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. सील आणि तारीख बघत जा, एवढंच म्हणालो.

१९ ऑगस्ट

देवळाईत एका घरी डिस्पेन्सरमधून रात्रभर पाणी गळलं, लादीवर तळं झालं. काकू चांगल्याच तापल्या होत्या. "तुमच्या जारनं माझा गालिचा भिजवला." डिस्पेन्सर खराब असेल म्हणून मेहुणा तोंडातल्या तोंडात पुटपुटला. जार उलटा करून पाहिला तर खांद्याला केसासारखी बारीक चीर.

उलटा लावलेला जार आतल्या हवेच्या कमी दाबामुळं पाणी धरून ठेवतो. तळाकडं किंवा अंगाला चीर असली की तिथून हवा आत जाते, आणि मग पाणी थांबत नाही, खालची टाकी भरून बाहेर वाहतं. जार सरळ उभा असताना अशी बारीक चीर बऱ्याचदा गळतही नाही, म्हणून गाळ्यात ती सापडत नाही. आजपासून संध्याकाळी माल उतरवून घेताना प्रत्येक जारच्या खांद्यावरून आणि तळाच्या कडेवरून ओला हात फिरवायचा. खरखर लागली की तो प्लँटच्याच गाडीत परत. रिकामे घेतानाही तेच, आणि शिवाय तोंडाला नाक लावायचं. रॉकेल, फिनेल किंवा आंबट वास आला तर त्या जारावर खडूनं फुली. प्लँटवर गरम धुण्यात सगळे वास जात नाहीत.

काकूंना एक जार फुकट दिला. गालिचा वाळला.

१ सप्टेंबर, सोमवार

पहिलं महिन्याचं बिल. गणपती बसलेले आहेत, गौरी आल्यात, घराघरांत पाहुणे. बिल मागायला याहून वाईट आठवडा नसेल, पण महिना संपला की दुसऱ्या दिवशी बिल हे सुरुवातीपासून पाळायचंय.

बिल कसं होतं त्याचा नमुना म्हणून देवळाईतलं घर, कोड डी-१४. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ५ ऑगस्टला दोन भरलेले दिले, रिकामा शून्य. त्यानंतर महिनाभरात आणखी १० भरलेले दिले आणि १० रिकामे घेतले. एकूण १२ जार, शिल्लक २. दर ५० अधिक मजल्याचे ५, म्हणून ६६० रुपये. डिपॉझिटचे ४०० बिलात नाहीत. त्याची पावती वेगळी दिली होती, बिलाच्या तळाशी फक्त एक ओळ : 'तुमच्याकडे २ जार, जमा डिपॉझिट ४००.' दर महिन्याला ही ओळ जाते. जाताना कुणी म्हणू नये की डिपॉझिट ६०० दिलं होतं.

दुसऱ्या जारचे २०० एकदम द्यायला जी घरं कुरकुरली त्यांना ते पुढच्या बिलासोबत द्यायची सवलत दिली होती. या बिलात ती ओळ वेगळी दाखवली.

७ सप्टेंबर, रविवार

निम्म्याहून जास्त पैसे यूपीआयनं आले आणि अर्धा दिवस ते कुणाचे हे शोधण्यात गेला. जार घेतात वहिनी, पैसे येतात पुण्यातल्या मुलाच्या खात्यावरून. भाडेकरू पोरं तर तीन जणांत वाटून तीन वेळा पाठवतात. ५५० रुपये सात घरांचे आहेत, त्यातल्या चौघांचे आलेत आणि नाव एकाचंही जुळत नाही.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक घराच्या बिलावर त्याचाच क्यूआर. रक्कम आणि घराचा कोड त्यातच भरलेला :

```
upi://pay?pa=MAZA-ID@bank&pn=JAR&am=660.14&cu=INR&tn=D14-AUG
```

हा मजकूर क्यूआर बनवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये टाकला की चित्र तयार होतं. `tn` मध्ये घर आणि महिना जातो. काही ॲप तो शेरा आपल्या स्टेटमेंटला दाखवत नाहीत, म्हणून डी-१४ ला ६६०.१४ अशी पैशांतही खूण ठेवायची. चौदा पैशांवरून कुणी भांडत नाही. सातारा परिसरातल्या एस-१४ चा गोंधळ नको म्हणून एस चे कोड ५१ पासून सुरू केले.

भाडेकरू पोरांना उधारी बंद. त्यांना दहा कूपनांचं पुस्तक, ५०० रुपये आधी. एका भरलेल्या जारला एक कूपन. ती पोरं परीक्षा संपली की एका रात्रीत खोली सोडतात. पाण्याचे पैसे बुडाले तर दोन-तीनशे जातील, पण जारही घरमालकाच्या कुलपात जातो.

१४ सप्टेंबर, रविवार

आता १७० जार पूर्ण उचललेले आहेत. गणपती उरकले, म्हणून आज पहिली पूर्ण मोजणी. प्लँटच्या चलनांप्रमाणे १७०. शीटप्रमाणे ग्राहकांकडे ११८. गाळ्यात आणि गाडीवर ५० मोजले. म्हणजे दोनच कमी, असं वाटलं.

मग मेहुण्यानं जार फिरवून लेबलं बघितली. पन्नासातले तीन आपले नव्हतेच. दुसऱ्या प्लँटचे. तोच निळा रंग, तेच तोंड, तीच कॅप बसते. दोन विक्रेत्यांकडून पाणी घेणारी दुकानं रिकामे एकाच कोपऱ्यात ठेवतात आणि हाताला येईल तो जार देतात. आपला प्लँट हे तीन घेणार नाही. म्हणजे आपले ४७, ग्राहकांचे ११८, बेरीज १६५. पाच गायब.

तीन तर सरळ आहेत, परक्या जारांच्या बदल्यात गेले. त्या भागातला दुसरा विक्रेता मला ओळखतो. त्याच्याकडेही आपले पडले असणार. फोन केला, तो हसला, म्हणाला रविवारी संध्याकाळी टपरीवर या, सगळेच अदलाबदल करतात. उरलेले दोन गौरीच्या जेवणावळीला गेले होते. एका सोसायटीनं जादा सहा जार मागवले, डिपॉझिट न घेता दिले कारण नेहमीचं गिऱ्हाईक. चार परत आले. दोन त्यांच्या वॉचमनच्या खोलीत सापडले, एकात फिनेल भरलेलं होतं. तो प्लँटनं घेतला नाही. १८० गेले.

कार्यक्रमाचे जार आता डिपॉझिटवरच, नेहमीचं गिऱ्हाईक असलं तरी. आणि प्लँटला विचारून आपल्या जारांच्या मानेवर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारतोय. स्टिकर लावून उपयोग नाही, धुण्याच्या कॉस्टिकमध्ये तो निघून जातो.

२३ सप्टेंबर

कालपासून २० लिटरच्या पाण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. प्लँटचं आजचं चलन २८ रुपये ३५ पैशांनी आलं. जारमागे १ रुपया ८९ पैसे वाचले. सकाळीच दोघांनी विचारलं, "कर कमी झाला, मग जार कितीला?" बरोबरच आहे त्यांचं. मी स्वतः जीएसटीत नोंदणी केलेला नाही, माझ्या बिलात कर दिसतही नाही, पण प्लँटकडून कमी झालेलं मीच गिळायचं का, हा प्रश्न राहतोच.

पन्नासचे अठ्ठेचाळीस केले तर रोख घेणाऱ्यांना सुट्टे द्यावे लागतात आणि तिसऱ्या मजल्यावर दोन रुपयांच्या नाण्यासाठी उभं राहावं लागतं. म्हणून कूपनाचं पुस्तक ५०० वरून ४८० केलं. ज्याला फायदा हवा त्यानं आधी पैसे भरावेत. गेल्या आठवड्यापेक्षा आज जास्त घरं पुस्तक मागतायत, तेही उधारीवाली. मला हवंच होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. महिन्याची दुसरी मोजणी, या वेळी जार आणि पैसे दोन्ही.

ग्राहकांकडे शीटप्रमाणे ११७ जार. म्हणजे डिपॉझिटच्या खात्यात २३,४०० हवेत. खात्यात २२,६००. फरक ८०० चा. चार घरांच्या दुसऱ्या जारचं डिपॉझिट अजून येणं आहे, शीटमध्येही तेवढंच दिसतंय. जुळलं. हा ताळा दर महिन्याला घ्यायचा. जार जुळतायत पण पैसे नाहीत, तर कुणाला तरी डिपॉझिटशिवाय जार गेलाय. पैसे जुळतायत पण जार नाहीत, तर जार बदलला गेलाय किंवा हरवलाय. दोन्ही एकदम पाहिल्याशिवाय नेमकं कुठं ते सापडत नाही.

क्यूआरच्या पैशांतल्या खुणेनं काम केलं. चार-पाच जणांनी रक्कम हातानं टाकून ६६० असंच पाठवलं, ती सोडून बाकीच्यांना शोधावं लागलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत निम्मी घरं गावी जातायत. आज प्रत्येक दारात विचारलं, कधीपासून कधीपर्यंत बंद. कार्डावर 'खाडा' लिहून तारीख टाकली. एका घरी काकूंनी विचारलं, "जार नेता का दोन्ही? घरात कशाला पडून राहतील?" नेले असते तर डिपॉझिट परत करावं लागलं असतं, आल्यावर पुन्हा घ्यावं लागलं असतं. भरलेला एक घरात असू द्या, आल्या आल्या लागेल, असं सांगितलं. फक्त खिडकीत उन्हात ठेवू नका.

सातारा आणि देवळाई दोन्ही मिळून या आठवड्यात एकाच खेपेत बसतात, म्हणून २० ते २५ पर्यंत एक दिवसाआड दोन्ही भाग एकत्र. लक्ष्मीपूजनाला, २१ ला, गाडी नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डी-१४ नं बंद केलं, बदली झाली. हिशेब दारातच करायचा होता, कारण सामानाचा ट्रक खाली उभा होता.

ऑक्टोबरचे जार ९, दिवाळीचा खाडा धरून. ५५ प्रमाणे ४९५. जमा डिपॉझिट ४००. दोन रिकामे परत घ्यायचे आणि त्यांनी ९५ द्यायचे, इथपर्यंत सोपं. पण दोनपैकी एका जारच्या तळाच्या कडेला चीर, चांदणीसारखी फुटलेली. कडेवर असा फुटलेला जार सहसा कुठंतरी आपटलेला असतो. साहेब म्हणाले, "आमच्याकडे नाही पडला, तुम्हीच असा दिला असेल." कार्डावर शेवटच्या भरलेल्या जारापुढं आमची बरोबरची खूण आहे, म्हणजे आणताना हात फिरवून तपासला होता. पण ती खूण मी केलेली, त्यांनी नाही. प्लँट या जारचे १८० कापणार हे नक्की. अर्धे अर्धे करू म्हटलं. ९५ अधिक ९०, त्यांनी १८५ दिले आणि मी पावतीवर 'डिपॉझिट परत, शिल्लक शून्य' लिहून सही घेतली.

जीएसटीच्या दृष्टीनं हे असं असतं, असं आमच्या हिशेबनीसांनी समजावलं : परत द्यायचं डिपॉझिट म्हणजे विक्री नव्हे. पण त्यातून काही कापून घेतलं की तेवढी रक्कम मोबदला धरतात. मी अजून जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, तरी हे ९० शीटमध्ये डिपॉझिटच्या नव्हे, उत्पन्नाच्या रकान्यात गेले.

आजपासून कार्डावर जार देताना तपासणीच्या खुणेशेजारी ग्राहकाची आद्याक्षरं. मेहुणा म्हणतो वेळ जाईल. फक्त नवीन घरांना आणि बिनलिफ्टच्या मजल्यांवर, तिथं आपटण्याची शक्यता जास्त, इतकं त्यानं मान्य केलं.

२ नोव्हेंबर, रविवार

प्लँटचा निरोप आला. १५ नोव्हेंबरनंतर उचललेल्या नव्या जारांवर डिपॉझिट १८० ऐवजी २०० घेणार. जुन्या १७० ना फरक नाही. म्हणजे ग्राहकांकडून घेतलेले २०० आता नव्या जारावर जेमतेम पुरतात, हरवला-फुटला तर मला वरचे २० मिळत नाहीत. नवीन घरांना २५० सांगितलं तर आजूबाजूच्या दोनशेवाल्यांकडं जातील. त्याऐवजी १४ तारखेच्या आत १८० नं आणखी २० जार उचलतो, ३,६०० रुपये. बीड बायपासवरच्या दोन क्लासेसनी डिसेंबरपासून रोज तीन-तीन मागितलेत, ते जार त्यांनाच लागतील. त्यांना पोस्टपेड, महिन्याचं बिल, डिपॉझिट चेकनं. गाळ्याच्या मालकाला आणखी एका रॅकसाठी भिंतीत खुंट्या ठोकू का, ते उद्या विचारायचं.